पावसाळ्यात गांडूळपेटी : गांडुळं झाकणावर चढतायत, काय चुकतंय?

सायली_पर्वरी | ९ जुलै, सकाळी ६:५०

आज सकाळी बाल्कनीचं दार उघडलं तर फरशीवर वीस-तीस गांडुळं. काही वॉशिंग मशीनखाली जाऊन वाळून सुतळीसारखी झालेली. पेटीचं झाकण उचललं तर त्याच्या आतल्या बाजूला घोसच्या घोस लटकलेले. माझ्या अंगावर काटा आला, आणि नवऱ्याने "हे आजच्या आज खाली नेऊन टाक" असं फर्मान काढलंय.

पेटी एप्रिलच्या शेवटी सुरू केली. कपडे ठेवायचा ४५ लिटरचा प्लास्टिकचा डबा, तळाला बारा भोकं, बाजूला वरती दोन ओळी, खाली ताट. आत ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट भिजवून, फाडलेला पेपर आणि डिचोलीच्या आत्याकडचं दोन ओंजळी जुनं शेण. गांडुळं अर्धा किलो आणली, लाल, शेपटीकडे पिवळसर पट्टे आहेत. तिसरा मजला, बाल्कनी पश्चिमेला, पाऊस थेट आत येत नाही.

घरात आम्ही तिघं. भाजीची सगळी सालं रोज एक स्टीलचा डबा भरून घालते. एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे रोज सकाळी कपभर पाणी शिंपडते. मे महिनाभर सगळं छान होतं, घातलेलं चार दिवसांत दिसेनासं व्हायचं. आता डोशाचं पीठ जास्त आंबल्यावर येतो तसा वास येतोय.

ती उपाशी आहेत म्हणून बाहेर पडतायत का? खाणं वाढवू?

---

कुळागरकार | ९ जुलै, सकाळी ८:१५

बाय, गांडूळ पळतं ते कोरडेपणामुळे. आमच्या सावईवेऱ्याच्या कुळागरात माडाखाली खताचे खड्डे आहेत, वडिलांच्या वेळेपासून. रोज झारीने पाणी, वर सुपारीची झावळं. एक दिवस पाणी चुकलं तर गांडुळं खड्डा सोडून पोफळीच्या मुळाशी जातात. पाणी कपभर घालून काय होणार, थोडं वाढव. आणि विजा कडाडल्या की ती वर येतातच, त्याचं एवढं मनावर घेऊ नकोस.

---

गच्चीवरचा_मळा | ९ जुलै, सकाळी ९:०२

गांडूळखत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळेल का? किलोला काय भाव चाललाय? मला आठ कुंड्यांपुरतंच हवंय.

---

मातीत_हात | ९ जुलै, सकाळी ११:३०

सायली, थांब. खाणंही वाढवू नकोस, पाणीही घालू नकोस. काकांचं म्हणणं खड्ड्यासाठी खरं आहे. खड्ड्याला खाली जमीन असते, जास्तीचं पाणी ती पिऊन टाकते. प्लास्टिकच्या डब्याला ती सोय नाही.

पण अंदाजाने बोलत नाही. चार गोष्टी बघून सांग. रोजची सालं स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा तोल. मग बाही वर करून हात पेटीच्या कोपऱ्यातून थेट तळापर्यंत घाल, तिथली मूठभर माती घेऊन पिळ आणि किती पाणी निघतं ते बघ. वरची माती पिळून उपयोग नाही, वरचा थर नेहमी शहाण्यासारखा वागतो. तिसरं, त्या तळच्या मातीचा वास. आणि चौथं, जी गांडुळं अजून पेटीत आहेत ती नेमकी कुठल्या थरात आहेत.

@गच्चीवरचा_मळा, वेगळा धागा काढा हो. इथे आधीच पूर आलाय.

---

सायली_पर्वरी | ९ जुलै, दुपारी १:४०

केलं. शी.

आजची सालं ४६० ग्रॅम भरली, त्यात पपईची आणि दुधीची जास्त. तळची मूठ पिळली तर पाणी थेंबाथेंबाने नाही, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ आला. काळंकुट्ट, आणि वास सडलेल्या अंड्याचा. हात तीन वेळा धुतला तरी वास आहे. तळाशी एकही गांडूळ नाही, सगळी वरच्या दोन इंचात आणि भिंतींवर. खालच्या ताटात पाणी मात्र अगदी थोडं आहे, म्हणून मला वाटलं आत फार ओल नसणार.

एक चांगली बातमी म्हणजे पपईच्या सालावर पांढरी पिल्लं झालीयेत, शेकड्यांनी!

---

मातीत_हात | ९ जुलै, दुपारी ३:१०

ती पिल्लं नव्हेत गं. गांडुळाचं पिल्लू गुलाबी आणि पारदर्शक असतं, नीट पाहिलं तर आतून लाल रेघ गेलेली दिसते. पांढरे दोऱ्याचे तुकडे गोळ्याने सालाला चिकटलेले असतील तर ते वेगळे किडे. गांडुळांना ते काही करत नाहीत, पण जिथे फार ओल आणि आंबटपणा असतो तिथेच ते असे माजतात. तुझी पेटी आंबली आहे याचा हा साक्षीदार समज.

आता हिशोब कर. भाजीच्या सालात वजनाच्या ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असतं. पंच्याऐंशी धर. रोज ४६० ग्रॅम म्हणजे महिन्याला जवळजवळ चौदा किलो सालं, आणि त्यातून साधारण साडेअकरा लिटर पाणी. वर तुझा रोजचा कप, दीडशे मिलिलिटर धरला तरी महिन्याला साडेचार लिटर. ४५ लिटरच्या डब्यात तू महिन्याला सोळा लिटर पाणी ओतते आहेस, आणि त्यातलं नळाचं चारच आहे.

मे महिन्यात हे निभावलं, कारण कोकोपीट नवं आणि भुकेलेलं होतं, आणि वारा भोकांतून पाणी उडवून नेत होता. आता बाल्कनीत दोरीवरचा टॉवेल चार दिवस वाळत नाही ना? मग झाकण लावलेली पेटी कशी वाळेल? शिवाय जसजसं खत तयार होतं तसतसं ते बारीक आणि चिकट होत जातं आणि पाणी धरून ठेवतं. ताट रिकामं दिसतं ते त्यामुळे. तळाची भोकं कोकोपीटच्या चोथ्याने बुजली असणार, तेही बघ.

गांडूळ कातडीतून श्वास घेतं. कातडी ओली लागते, पण ओलीभोवती हवाही लागते. तळाच्या मातीत सगळ्या फटी पाण्याने भरल्या की हवा संपते, कुजण्याची तऱ्हा बदलते, अंड्याचा वास येतो. गांडुळं वर सरकतात. वरही तू रोज ताजी सालं घालून ठेवलेली, ती आंबतायत. खाली गुदमर आणि वर आंबट, मग उरलं झाकण. भूक नाही, घुसमट आहे ही.

आणि खाण्याचा आकडाही जास्तच आहे. अर्धा किलो गांडुळं रोज स्वतःच्या निम्म्या वजनाचं खातात असं सांगतात, पण ते सगळं जुळून आलेल्या जुन्या पेटीत. नव्या पेटीत पाव धरायचं, म्हणजे सव्वाशे ग्रॅम. तू जवळजवळ चौपट घालत होतीस.

आता करायचं काय. एक घमेलं घे. पेटीतला सगळा माल त्यात हलक्या हाताने काढ, लगदा झालेली सालं आणि पांढऱ्या किड्यांची पपई वेगळी करून ओल्या कचऱ्यात दे. भोकं उदबत्तीच्या काडीने मोकळी कर. तळाला तीन इंच कोरड्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, दोन बोटं रुंद, त्यावर कोरडी कोकोपीट चुरून, न भिजवता. मग माल परत घाल, दाबू नकोस, जाताजाता त्यात पुठ्ठा मिसळत जा. झाकण काढून ठेव, वर कोरडं गोणपाट. पेटीखाली दोन विटा. दोन-तीन रात्री बाल्कनीतला दिवा चालू ठेव, उजेडात ती वर येत नाहीत. आठ दिवस खाणं बंद. उपाशी मरणार नाहीत, पुठ्ठा आहे, जुना माल आहे.

---

जुना_माळी | ९ जुलै, रात्री ९:२०

एवढा खटाटोप कशाला? आंबलंय तर मूठभर चुना भुरभुरा, दोन दिवसांत वास जातो. शेतात आम्ही आंबट जमिनीला हेच करतो.

---

मातीत_हात | ९ जुलै, रात्री १०:०५

माळीबुवा, वास जाईल, गांडुळंही जातील. विड्याचा चुना त्यांच्या कातडीला भाजतो. शेतात तो विरतो, पाऊस पडतो, मध्ये दिवस जातात. डब्यात पळायला जागा कुठे? त्यापेक्षा अंड्याची टरफलं वाळवून मिक्सरमध्ये पीठ करून आठवड्याला चमचाभर घाला. ते सावकाश काम करतं, आणि गांडुळाच्या पोटात दळायलाही लागतं. पण सायलीच्या पेटीत आंबटपणा पाण्यामुळे आहे. पाणी न काढता टरफलं घालणं म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसणं.

---

जुना_माळी | ९ जुलै, रात्री १०:३०

आमच्याकडे कधी मेली नाहीत. असो.

---

बाल्कनी_मडगाव | १० जुलै, सकाळी ७:४५

माझी कथा सांगू? गेल्या पावसाळ्यात सासूबाईंनी प्रेमाने पेटीत सुंगटांची सालं आणि बांगड्याची डोकी घातली, वर आदल्या दिवशीचं हुमण आणि भात. तीन दिवसांनी पेटी आतून गरम लागत होती, हात ठेवला तर आजाऱ्याच्या कपाळासारखी. गांडुळं मण्यांच्या माळेसारखी गाठी-गाठी होऊन मेली. आणि आठवड्याभरात चपटे, राखाडी, जाड किडे वळवळायला लागले. आम्ही घाबरून सगळं फेकलं. ते किडे कसले होते? विषारी असतात का?

---

मातीत_हात | १० जुलै, सकाळी ९:१५

काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. विषारी नाहीत, उलट सडकं खाण्यात त्या गांडुळांना मागे टाकतात, आणि तेच गांडुळांच्या वाट्याला येत नाही. ओलं, गरम आणि उघडं अन्न मिळालं की आपल्याकडे पावसाळ्यात त्या हमखास येतात. फेकायची गरज नव्हती. खाणं थांबवलं, वर कोरडा पुठ्ठा घातला की मोठ्या झालेल्या अळ्या आपणच कोरड्या जागी निघून जातात.

मण्यांची माळ झाली ती भात, मासळी आणि मिठाने. घरातलं शिजवलेलं, तेल-मीठ लागलेलं काहीच नको. हुमणाला तर अजिबात हात लावू देऊ नका.

---

बाल्कनी_मडगाव | १० जुलै, सकाळी ९:४०

हे सासूबाईंना कोण सांगणार?

---

सायली_पर्वरी | ११ जुलै, रात्री ८:२५

घमेल्याचा कार्यक्रम झाला. तळाशी शेवग्याच्या शेंगांची चोखलेली सालं मेच्या दिवसांची तशीच होती. भोकं खरंच बारापैकी नऊ बुजलेली! उदबत्तीची काडी घातल्याबरोबर पाव लिटर काळं पाणी ताटात आलं.

अडचण अशी की कोरडा पुठ्ठा म्हणतेस, पण माझ्या घरात कोरडं असं काही नाहीच. पुठ्ठा हाताला गार लागतो, पेपर तर फाटतानाही आवाज करत नाही. तो घालून फायदा होतो का?

---

कुळागरकार | ११ जुलै, रात्री ९:००

आमची सोडणं चुलीवरच्या माळ्यावर असतात. आषाढातही खडखडीत. तुमच्या फ्लॅटात चूल नाही, हाच मोठा दोष.

---

मातीत_हात | ११ जुलै, रात्री ९:३५

काकांनी हसत सांगितलं, पण मर्म तेच आहे. घरात जिथे सतत ऊब आहे ती जागा शोध. जुन्या फ्रिजची मागची बाजू गरम असते. फ्रिज आणि भिंत यांच्यात पुठ्ठ्याचे तुकडे उभे ठेव, पण जाळीला चिकटवू नकोस, हवा खेळू दे. दोन दिवसांत तो परत कडक होतो, मोडताना कट्ट कन आवाज येतो. आवाज आला की पट्ट्या करून लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भर. मी मे महिन्यातच दोन मोठे बिस्किटांचे पत्र्याचे डबे भरून ठेवते, पापड-कुरडयांच्या शेजारी. घरातले हसतात, पण चवथीपर्यंत ते पुरतात.

चकचकीत छापाचा पुठ्ठा नको, आणि चिकटपट्टी सोलून काढ. अंड्यांचे ट्रे सर्वात बरे.

---

सायली_पर्वरी | २४ जुलै, संध्याकाळी ६:१०

पंधरा दिवसांनी हजेरी. आठ दिवस काही घातलं नाही. पहिल्या दोन रात्री दिव्याच्या उजेडातही पाच-सहा बाहेर आली, तिसऱ्या रात्रीपासून एकही नाही. अंड्याचा वास चौथ्या दिवशी गेला. आज तळची मूठ पिळली तर खूप जोर लावल्यावर दोन थेंब आले आणि मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला. वास पहिल्या पावसातल्या मातीसारखा.

आणि पुठ्ठ्याच्या पन्हाळीत पिवळट, लिंबाच्या आकाराचे बारीक दाणे सापडले, मोहरीएवढे. आता विचारूनच आनंद करते : हे तरी त्यांचेच का?

---

मातीत_हात | २४ जुलै, रात्री ८:००

हो, हे कोष त्यांचेच! एकातून दोन-चार पिल्लं निघतात, तीन-चार आठवड्यांनी. दोन थेंब आणि न फुटणारा गोळा, हेच हवं होतं. गोळा फुटून भुगा झाला असता तर उलट कोरडं, तेव्हा शिंपडायचं.

आता खाणं सुरू कर, पण रोज नको. तीन दिवसांतून एकदा साडेतीनशे ग्रॅम, काट्यावर तोलून. आदल्या रात्री सालं चाळणीत ठेव, पाणी निथळेल, बोटभर तुकडे कर. जेवढी सालं तेवढ्याच आकारमानाच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, वजनाने नाही. पेटीचे मनात चार कोपरे कर, दर वेळी पुढच्या कोपऱ्यात दोन इंच खोल पुरून वर पुठ्ठा. चौथ्या कोपऱ्यानंतर पहिल्याकडे परत येशील तेव्हा तिथलं बहुतेक संपलेलं असायला हवं. नसेल तर त्या वेळची पाळी चुकव. काट्यापेक्षा हा कोपरा खरा बोलतो.

उरलेली सालं पंचायतीच्या गाडीला दे. अर्ध्या किलो गांडुळांवर तिघांचं घर चालत नाही, निदान पहिल्या वर्षी. पाण्याचा कप मात्र थेट नोव्हेंबरपर्यंत कपाटात.

---

बाल्कनी_मडगाव | २४ जुलै, रात्री ९:१५

त्या काळ्या पाण्याचं काय केलंत? मी तर दहापट पाणी घालून मोगऱ्याला देतो, दोन वर्षं झाली.

---

मातीत_हात | २४ जुलै, रात्री ९:५०

मी देत नाही. ते सडक्या तळातून झिरपलेलं पाणी, तयार खत भिजवून काढलेलं नव्हे. अंड्याचा वास येत असेल तर कुंडीत तर नकोच, तुळशीत अजिबात नको.

---

बाल्कनी_मडगाव | २४ जुलै, रात्री १०:०२

मोगरा फुललाय पण.

---

मातीत_हात | २४ जुलै, रात्री १०:१०

तो पाण्यामुळे फुलला की पाण्याला न जुमानता, ते मोगरा सांगत नाही. पटत असेल तर द्या, माझं मत दिलं.

---

कुळागरकार | २५ जुलै, सकाळी ६:३०

विजेचं मी म्हटलं होतं त्याचं कोणी उत्तर दिलं नाही. आमची पावसाच्या तोंडावर वर येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

---

मातीत_हात | २५ जुलै, सकाळी ८:४०

काका, तुमची बारीक आणि उन्हात जांभळी-निळी चमकणारी असतील, स्पर्श केला की चाबकासारखी उसळणारी. ती आपल्याकडचीच जात, पाऊस यायच्या वेळी खरंच घर सोडतात. सायलीची पट्टेवाली वेगळी. पण विकत आणलेल्या अर्ध्या किलोत दोन्ही मिसळलेली असतात, त्यामुळे त्या पहिल्या दिवशी किती घुसमटीने गेली आणि किती ढगांमुळे, हे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. एलाच्या कृषी विज्ञान केंद्रात मूठभर नेऊन दाखवली तर जात कळेल.

---

सायली_पर्वरी | चवथीच्या चार दिवस आधी, दुपारी ४:००

पुन्हा मीच. पेटी छान चाललीय, चारही कोपरे वेळेवर रिकामे. पण आता आमच्या डिचोलीच्या घरची माटोळी यायचीय. विसर्जनानंतर आत्या पिशवी भरून काकड्या, तोरिंग, आंबाडे, सुपाऱ्या, केळी इकडे पाठवणार, "तुझ्या किड्यांना घाल" म्हणून. पाच-सहा किलो तरी होईल. देवाचं म्हणून नाही म्हणवत नाही.

---

मातीत_हात | चवथीच्या चार दिवस आधी, संध्याकाळी ७:२०

सुपारी, तोरिंग बाजूला काढ. सुपारी वर्षभर तशीच राहील, तोरिंगाने परत आंबेल. आंबाडे आंबटच, एखाद-दुसरा पुरे. काकडीतल्या बिया काढ आणि उभी चिरून चाळणीत रात्रभर निथळव, काकडी म्हणजे नुसतं पाणी. केळ्यांची सालं बारीक कापून पिशव्यांत फ्रीजरमध्ये ठेव. गोठलेली सालं बाहेर काढल्यावर मऊ पडतात, लवकर संपतात, आणि चिलटांची अंडीही बरीच मरतात. पण पाणी फार सोडतात, म्हणून आधी निथळवून मगच तोल. दर पाळीला तेच साडेतीनशे ग्रॅम. सणासाठी आकडा वाढवायचा नाही.

पुठ्ठा किती उरलाय?

---

सायली_पर्वरी | चवथीच्या चार दिवस आधी, रात्री ९:०५

पाऊण डबा. फ्रिजमागे अजून सहा ट्रे वाळतायत. नवऱ्याने स्वतः आणून लावले.